`dt` निम्मा केला तरी लाट उशिराच येते: लीपफ्रॉग स्कीममधले दोन वेगळे बिघाड

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. तरंग समीकरण लीपफ्रॉग पद्धतीने सोडवलंय, प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालतो, पडद्यावर कुठेही `NaN` दिसत नाही. पण परावर्तित लाट ज्या क्षणी पोचायला हवी त्या क्षणी पोचत नाही. ती उशिरा येते, आणि येताना मागे बारीक लहरींची लांब शेपटी घेऊन येते. मग माणूस सवयीने `dt`, म्हणजे काळाचं एक पाऊल, निम्मा करतो. वेळ दुप्पट लागतो आणि लाट आधीपेक्षा किंचित जास्तच उशिरा येते. पुन्हा निम्मा केला तरी तेच.

हा प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आलाय की एकदा सविस्तर लिहून ठेवतो. मुळात इथे दोन वेगळे बिघाड आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. उत्तर भडकून अनंताकडे जात असेल तर `dt` कमी करणं हाच इलाज. लाटेचा वेग चुकत असेल तर साध्या लीपफ्रॉगमध्ये `dt` कमी करणं हा इलाज नाहीच, उलट त्याने थोडं नुकसानच होतं.

मी ज्या मॉडेलवर अडकलो ते

एकमितीय मॉडेल होतं. वर १००० मीटर पाणी, त्यात ध्वनीचा वेग १५०० मीटर प्रति सेकंद. खाली खडक, त्यात ४५००. स्रोत आणि ग्राहक दोन्ही वर एकाच जागी, आणि वरच्या टोकाला लाट शोषून घेणारी सीमा. पाण्यात सोडलेला स्पंद रिकर आकाराचा, मुख्य वारंवारता ३० हर्ट्झ. जाळीतलं अंतर `dx` ५ मीटर. गाभ्याचा कोड एवढाच:

```python
C2 = (c*dt/dx)**2
un[1:-1] = (2*u[1:-1] - uo[1:-1]
            + C2[1:-1]*(u[2:] - 2*u[1:-1] + u[:-2]))
uo, u, un = u, un, uo
```

`uo` म्हणजे मागचं पाऊल, `u` आत्ताचं, `un` पुढचं. `c` ही प्रत्येक जाळीबिंदूवरच्या वेगाची यादी.

लाट तळापर्यंत जाऊन परत यायला २००० मीटर कापते, म्हणजे १.३३३ सेकंद लागायला हवेत. ही वेळ मोजताना एक काळजी घ्या. स्रोताचा शिखरक्षण कुठे आहे या हिशेबात पडू नका. एकमितीय समीकरणात स्रोत म्हणून जे फलन घालतो त्याचं काळानुसार संकलन होऊन स्पंद बाहेर पडतो, त्यामुळे शिखराची जागाच बदलते आणि नसलेली चूक दिसू लागते. त्याच ग्राहकावर टिपलेली थेट लाट आणि परावर्तित लाट यांच्यातलं अंतर मोजा. स्रोताच्या सगळ्या भानगडी त्यात आपोआप वजा होतात.

मी तसं मोजलं. स्पंदातले ३० हर्ट्झचे चढउतार सुमारे २० मिलीसेकंद मागे सरकले होते. ३० हर्ट्झचा आवर्तकाल ३३ मिलीसेकंद, म्हणजे सरकण अर्ध्या आवर्तनाहून जास्त. शिखराच्या जागी खळगा येण्याइतकी ही चूक आहे.

आधी भडकण्याचं पाहू, कारण ते सोपं आहे

दोन्ही बिघाडांचं मूळ एकाच सूत्रात आहे. स्कीममध्ये साधी साइन लाट घालून पाहिली की तिची वारंवारता आणि तरंगसंख्या यांचं नातं असं निघतं:

```
sin(ω·dt/2) = C · sin(k·dx/2),    C = c·dt/dx
```

`C` हा कूरांट आकडा. एका पावलात खरी लाट किती घरं पुढे जाते, एवढंच तो सांगतो. डावीकडे साइन आहे, आणि खऱ्या वारंवारतेची साइन एकच्या वर जात नाही. `C` एकच्या वर गेला की काही तरंगलांबींसाठी उजवी बाजू एकच्या पुढे जाते, वारंवारता सम्मिश्र होते आणि ती लाट दर पावलाला गुणोत्तराने वाढू लागते. सगळ्यात आधी सापडते ती जाळीवर मावणारी सर्वांत आखूड लाट: एक बिंदू वर, एक खाली, करवतीच्या दात्यांसारखी. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी यांनी १९२८ साली हीच अट दुसऱ्या बाजूने मांडली होती. एका पावलात स्कीमची माहिती फक्त एक घर सरकते. खरी लाट त्याहून पुढे जात असेल, तर उत्तर ज्या माहितीवर अवलंबून आहे ती स्कीमपर्यंत पोचलेलीच नसते.

माझ्या मॉडेलमध्ये `dt` १ मिलीसेकंद होता. खडकात `C` ०.९, पाण्यात ०.३. सगळं मर्यादेत होतं. मग कुणीतरी तळच्या खडकाचा वेग ४५०० वरून ५२०० केला आणि `dt` तसाच राहिला. `C` झाला १.०४. फक्त चार टक्के जास्त, म्हणून दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण हिशेब करा: या `C` ला करवती लाट दर पावलाला सुमारे १.७६ पट होते. पन्नास पावलांत ती एक लाख कोटींच्या, म्हणजे १०¹² पटींच्या, पुढे जाते. सुरुवातीला ती इतकी लहान असते की आलेखात दिसतही नाही, म्हणूनच प्रोग्रॅम बराच वेळ शहाण्यासारखा वागतो आणि मग एकाएकी कोसळतो.

ओळखायचं कसं? कोसळण्याच्या वीसेक पावलं आधीचं चित्र काढा. शेजारशेजारच्या बिंदूंची चिन्हं आलटून पालटून बदलत असतील, आणि हे फक्त सर्वांत वेगवान थरात होत असेल, तर दोष `dt` चाच. मर्यादा नेहमी मॉडेलमधल्या सर्वांत जास्त वेगावर ठरते, मग तो वेग हजारातल्या दोनच बिंदूंवर का असेना. वेगाच्या फाइलमधला एखादा चुकीचा आकडा किंवा थर जोडताना इंटरपोलेशनने वर उडालेली किंमत एवढ्यानेही सगळं मॉडेल जातं. म्हणून `dt` हाताने लिहू नका, `c.max()` वरून काढा. या बिघाडाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

आता उशिराचं

माझ्या मॉडेलमध्ये `C` ०.९ च्या वर कुठेच नव्हता, तरी लाट उशिरा आली. त्याचं कारण समजून घ्यायला एका लाटेच्या जवळ जाऊ.

पाण्यात ३० हर्ट्झच्या लाटेची तरंगलांबी ५० मीटर. `dx` ५ मीटर, म्हणजे एका तरंगलांबीत दहा बिंदू. वक्र गुळगुळीत दिसायला दहा बिंदू पुरतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण स्कीमला वक्र दिसत नाही. तिला तीन शेजारी बिंदू दिसतात, आणि त्यांवरून ती वक्रता काढते: डावा अधिक उजवा वजा दोनदा मधला. साइन लाटेवर हा हिशेब खऱ्या वक्रतेपेक्षा नेहमी कमी भरतो. दहा बिंदूंना तो सुमारे ३.२ टक्के कमी भरतो. लाटेला मागे खेचणारं बल वक्रतेतूनच येतं. वक्रता ३.२ टक्के कमी म्हणजे वेगाचा वर्ग ३.२ टक्के कमी, म्हणजे वेग १.६ टक्के कमी. करवती लाटेची वक्रता तर खऱ्याच्या जेमतेम ४० टक्के मोजली जाते. लाट जितकी आखूड, तितकी ती जाळीवर रेंगाळते. प्रत्येक तरंगलांबीला वेगळा वेग मिळणं म्हणजेच अपस्करण. लोलकात प्रकाशाचं होतं तसंच, फरक एवढाच की इथे काच नाही, तिचं काम जाळी करते.

काळाच्या बाजूलाही तोच तीन बिंदूंचा हिशेब आहे. पण समीकरणात तो बरोबरच्या चिन्हापलीकडे आहे, त्यामुळे त्याचा परिणाम उलट होतो: तो लाटेला थोडी वेगवान करतो. दोन चुका एकमेकींना खातात. दोन्ही धरून वेगातली तूट अंदाजे अशी येते:

```
तूट ≈ (k·dx)²/24 · (1 − C²)
```

`C` नेमका एक असेल तर तूट शून्य. एकाच वेगाच्या एकमितीय माध्यमात त्या पावलाला लीपफ्रॉग अगदी अचूक उत्तर देतं, जाळी कितीही विरळ असो. आणि `dt` कमी केला की `C` शून्याकडे जातो, कंस एकाकडे जातो. काळाची चूक, जी जागेच्या चुकीला सावरत होती, ती आपण काढून टाकतो आणि जागेची चूक एकटी उरते. `dt` निम्मा केल्यावर लाट आणखी उशिरा का आली, त्याचं उत्तर हे आहे.

माझ्या मॉडेलचे आकडे पाहा. `dt` १ मिलीसेकंद असताना पाण्यात तूट १.५ टक्के, म्हणून २० मिलीसेकंदांचा उशीर. `dt` अर्धा मिलीसेकंद केला की तूट १.६ टक्के, उशीर सुमारे २२ मिलीसेकंद. कितीही बारीक केला तरी ती १.६४ टक्क्यांवर थांबणार, खाली येणार नाही. खडकात मात्र एका तरंगलांबीत तीस बिंदू आहेत आणि `C` ०.९ आहे, त्यामुळे तिथली तूट पहिल्या वेळी ०.०३५ टक्के होती. म्हणजे स्थिरतेची मर्यादा वेगवान थर ठरवतो आणि अपस्करणाचा फटका संथ थराला बसतो. एकाच `dt` ने दोघांना खूश ठेवता येत नाही. थरांच्या मॉडेलमध्ये ही अडचण पुन्हा पुन्हा येते ती यामुळेच.

आपल्या आकड्यांवर हे तपासायला दोन ओळी पुरतात. `G` म्हणजे एका तरंगलांबीतले बिंदू:

```python
def vel_ratio(C, G):
    a = np.pi/G
    return np.arcsin(C*np.sin(a))/(C*a)
```

`vel_ratio(0.3, 10)` ला ०.९८५ मिळतं. प्रत्येक थरासाठी, सर्वांत आखूड तरंगलांबी धरून, हे मॉडेल चालवण्याआधी काढा.

शेपटी कुठून आली

वर काढलेली तूट शिखरं आणि खळगे यांच्या वेगाची आहे. अख्खा स्पंद, म्हणजे ऊर्जेचा गठ्ठा, गटवेगाने जातो, आणि गटवेगातली तूट जवळजवळ तिप्पट असते. ही गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. पाण्यात ३० हर्ट्झच्या गठ्ठ्याची तूट साडेचार टक्के निघते, म्हणजे गठ्ठा ६० मिलीसेकंदांहून जास्त उशिरा. शिखर २० ने सरकलंय आणि स्पंदाचा आच्छादक वक्र ६० ने, हे पाहून मी दोन दिवस मोजणीतली चूक शोधत होतो. मोजणी बरोबर होती, दोन्ही आकडे खरे होते.

रिकर स्पंदात फक्त ३० हर्ट्झ नसतात. ६० हर्ट्झलाही त्याचा आयाम शिखराच्या वीस टक्के असतो. त्या लाटेची तरंगलांबी पाण्यात २५ मीटर, बिंदू पाचच. तिच्या शिखरांची तूट सहा टक्के आणि गटवेगाची अठरा टक्के. दोन किलोमीटरच्या प्रवासात ती पाव सेकंदाहून जास्त मागे पडते. मधल्या सगळ्या वारंवारता त्या दोघींच्या मध्ये पसरतात: आधी लांब लाटा, मागून आखूड. ग्राहकावर दिसणारी, मागे जाता जाता बारीक होत जाणारी शेपटी म्हणजे हीच रांग.

या शेपटीला भूगर्भातले पातळ थर किंवा अनेकदा उसळून आलेली परावर्तनं समजण्याचा धोका खरा आहे, कारण दिसायला ती अगदी तशीच असते. निवाडा एकाच चाचणीने होतो. `dx` आणि `dt` दोन्ही एकदम निम्मे करा, म्हणजे `C` तोच राहील. खरी परावर्तनं जागची हलत नाहीत. अपस्करणाची चूक चौपटीने कमी होते. माझ्याकडे `dx` २.५ मीटर आणि `dt` अर्धा मिलीसेकंद केल्यावर शिखराचा उशीर २० वरून ५ मिलीसेकंदांवर आला आणि शेपटी आखडून स्पंदाला चिकटली. फक्त `dt` किंवा फक्त `dx` बदलून ही चाचणी करू नका. नुसता `dx` निम्मा केला तर `C` दुप्पट होतो आणि पहिला बिघाड सुरू होतो.

इलाज, आणि त्यांची किंमत

जाळी बारीक करणं हा सरळ मार्ग. पण एकमितीत `dx` निम्मा केला की काम चौपट होतं, द्विमितीत आठपट, त्रिमितीत सोळापट, आणि चूक मात्र चौपटच कमी होते. त्रिमितीत हा सौदा परवडत नाही. त्याआधी स्रोतात नको असलेल्या उंच वारंवारता आहेत का ते पाहा. ज्या वारंवारतेचा अर्थ लावायचाच नाही, ती आधीच गाळून टाकली तर शेपटीही जाते, आणि त्यासाठी संगणकाला जास्त काम पडत नाही. `dt` मर्यादेच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा. काहीजण खबरदारी म्हणून `C` ०.५ वर आणतात. साध्या लीपफ्रॉगमध्ये त्या खबरदारीने अचूकता मिळत नाही, जाते.

मी शेवटी जो मार्ग घेतला तो म्हणजे जागेचा हिशेब तीनऐवजी पाच बिंदूंनी करणं:

```python
d2 = (-u[4:] + 16*u[3:-1] - 30*u[2:-2]
      + 16*u[1:-3] - u[:-4])/12
```

कोडमधल्या कंसाच्या जागी `d2` घालायचा, सगळीकडे `[1:-1]` चं `[2:-2]` करायचं, आणि दोन्ही टोकांना एकाऐवजी दोन बिंदू वेगळे सांभाळायचे. हे चौथ्या कोटीचं सूत्र. काळाचा हिशेब तसाच राहतो. एकमितीत याची स्थिरता मर्यादा मात्र घटते: `C` कमाल √३/२, म्हणजे ०.८६६. माझा आधीचा १ मिलीसेकंद खडकात ०.९ देतो, तो आता चालत नाही. पाच बिंदूंवर आल्यावर आधीचाच `dt` ठेवून मॉडेल भडकवणारे बरेच भेटतात, आणि त्यांना वाटतं की नवं सूत्र टाइप करताना चूक झाली. मी `dt` ०.९ मिलीसेकंद घेतला. पाण्यात ३० हर्ट्झला वेगातली चूक ०.०३ टक्क्यांच्या आसपास उरली, खडकात ०.१२ टक्के. दीड टक्क्यांवरून इथे, त्याच ५ मीटरच्या जाळीवर.

आणि इथे चुकीचं चिन्ह बदलतं. जागेची चूक आता इतकी लहान आहे की काळाची चूक वरचढ ठरते, आणि काळाची चूक लाटेला वेगवान करते. त्यामुळे लाट किंचित लवकर येते, आणि बारीक लहरी मागे नाही तर पुढे दिसू शकतात. या स्कीममध्ये `dt` कमी केला की, जागेची चूक पुन्हा वरचढ होईपर्यंत, चूक खरोखर कमी होते. म्हणूनच एकाला `dt` कमी करून गुण येतो आणि दुसऱ्याला येत नाही: दोघांच्या जागेच्या सूत्राची कोटी वेगळी असते. कुणाचा सल्ला घेण्याआधी ती कोटी विचारून घ्या.

द्विमितीत साध्या लीपफ्रॉगची मर्यादा समान `dx`, `dy` असताना १/√२ आहे, त्रिमितीत १/√३. माझं पाणी-खडकाचं मॉडेल द्विमितीत नेलं तर ५ मीटरच्या जाळीवर `dt` ०.७८ मिलीसेकंदांच्या वर नेता येत नाही. शिवाय तिथे तूट दिशेवरही अवलंबून असते. जाळीच्या अक्षांवर लाट सर्वांत संथ चालते, कर्णावर सर्वांत कमी चुकते, आणि `C` बरोबर १/√२ असेल तर कर्णावर अजिबात चुकत नाही. बिंदूस्रोताची गोल आघाडी काही तरंगलांबी गेल्यावर कर्णांच्या बाजूने फुगलेली दिसू लागली, तर वेगाची फाइल तपासत बसू नका. एकसारखा वेग भरून तेच मॉडेल चालवा. फुगवटा तसाच राहिला तर तो जाळीचा आहे.